कलम सोपं करा, पण अट हलवू नका

वाचकाचं पत्र:

"आईचा सातारा रोडवरचा फ्लॅट परभणीहून नोकरीसाठी पुण्याला आलेल्या एका जोडप्याला अकरा महिन्यांसाठी देतोय. करार मराठीतच आहे, पण लॉक-इन आणि डिपॉझिटचं कलम ना आईला कळलं ना त्यांना. म्हणून मी सोपं करून लिहिलं: 'सहा महिन्यांच्या आत घर सोडू नये. त्यानंतर सोडायचं असल्यास महिनाभर आधी सांगावं. दोन महिने भाडं थकल्यास करार रद्द होईल. घर सोडताना नुकसान कापून डिपॉझिट परत मिळेल.' आमचे वकील म्हणाले, यात अर्थ बदललाय. कुठे बदलला? नोंदणी पुढच्या आठवड्यात आहे. कलमाचा फोटो सोबत पाठवते."

— एक वाचक, पुणे

ताई, तुमच्या फोटोतलं कलम बाकीच्या वाचकांसाठी आधी जसंच्या तसं देते. पुढचं सगळं बोलणं त्यातल्या एकेका शब्दावर आहे.

"सदर कराराच्या कालावधीपैकी प्रथम सहा महिने हा लॉक-इन कालावधी राहील व सदर कालावधीत उभय पक्षांपैकी कोणासही करार संपुष्टात आणता येणार नाही, परंतु लिहून घेणार यांनी सलग दोन महिन्यांची लायसन्स फी अदा करण्यात कसूर केल्यास अथवा मिळकतीचा निवासाव्यतिरिक्त वापर केल्यास लिहून देणार यांस पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, व त्या मुदतीत कसूर दूर न झाल्यास, करार संपुष्टात आणता येईल. लॉक-इन कालावधीनंतर कोणत्याही पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन अथवा त्याऐवजी एक महिन्याची लायसन्स फी देऊन करार संपुष्टात आणता येईल. करार संपुष्टात आल्यावर लिहून घेणार यांनी मिळकतीचा रिक्त व शांततापूर्ण ताबा दिल्यानंतर थकीत लायसन्स फी, वीजबिल व नैसर्गिक झीज वगळता झालेल्या नुकसानीची वाजवी रक्कम वजा जाता उर्वरित अनामत रक्कम बिनव्याजी परत करणे लिहून देणार यांचेवर बंधनकारक राहील."

वकिलांचं म्हणणं बरोबर आहे. तुमचा मजकूर वाचायला चांगला आहे, पण त्यातून माणसं गळली आहेत. "घर सोडू नये" म्हटलं की ते फक्त राहणाऱ्यांना लागू होतं, कारण घर सोडतात ते तेच. मूळ कलमात मात्र "उभय पक्षांपैकी कोणासही" असं आहे. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या आईलाही करार संपवता येत नाही. उद्या चौथ्या महिन्यात घराला चांगलं गिऱ्हाईक आलं तरी त्या या जोडप्याला जायला सांगू शकत नाहीत. तुमच्या एका वाक्याने आईवरचं हे बंधन नाहीसं झालं, आणि ते जोडपं तुमचा कागद वाचून असंच समजलं असतं की बांधलेले फक्त आपण आहोत.

शेवटच्या वाक्यातही हेच झालंय, फक्त उलट बाजूने. "डिपॉझिट परत मिळेल" यात देणारं कोणीच नाही. मराठीत "मिळेल", "होईल", "जाईल" ही क्रियापदं फार सोयीची आहेत, कारण कर्ता न सांगताही वाक्य पुरं होतं. करार सोपा करताना नेमकी हीच क्रियापदं टाळायची. मूळ कलमात पैसे परत करणं "लिहून देणार यांचेवर बंधनकारक" आहे, म्हणून सोप्या भाषेतही "मालकांना डिपॉझिट परत करावंच लागेल" असंच आलं पाहिजे. "करार रद्द होईल" हेही त्याच जातीचं वाक्य. मूळ कलमात करार आपोआप रद्द होत नाही. तो रद्द करायचा की नाही हे मालक ठरवणार, आणि त्याआधी नोटीस द्यावी लागणार.

या क्रियापदांकडे जरा नीट बघा, कारण अर्धा करार त्यांच्यात असतो. "बंधनकारक राहील" आणि "लागेल" म्हणजे करणं भाग आहे. "येईल" म्हणजे करण्याची मुभा आहे, सक्ती नाही. "येणार नाही" म्हणजे मनाई. बोलीत आपण या तिन्हींसाठी "सांगावं", "द्यावं", "करू नये" असं सरसकट वापरतो, आणि तिथेच घोळ होतो. "महिनाभर आधी सांगावं" हे ऐकायला विनंतीसारखं लागतं. शिवाय मूळ कलमात नोटीस लेखी आहे, जिन्यात भेटल्यावर सांगितलेली नाही. "लेखी" हा एवढासा शब्द गेला तर पुढे "आम्ही सांगितलं होतं" आणि "आम्हाला कोणी सांगितलं नाही" एवढाच वाद उरतो, आणि तो कोणालाच सिद्ध करता येत नाही.

आता नावांचं. "लिहून देणार" म्हणजे मालक, "लिहून घेणार" म्हणजे राहायला येणारे. हे शब्द जुन्या दस्तांतून आलेत आणि आज बहुतेकांना उलटे वाटतात. ते बदला, पण एकदा ठरवलेला शब्द शेवटपर्यंत तोच ठेवा. एका ओळीत "मालक", पुढच्या ओळीत "आई", तिसऱ्या ओळीत "घरवाले" असं नको. निबंधात तेच तेच शब्द टाळायला आपल्याला शाळेत शिकवलं होतं. करारात दोन शब्द दिसले की वाचणारा दोन माणसं समजतो. "भाडेकरू" आणि "भाडं" हे शब्दही मी तुमच्या कागदात ठेवणार नाही. हा लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये भाडेकरूचे आणि लायसन्सवर राहणाऱ्याचे हक्क वेगळे आहेत. म्हणून मी "राहणारे" आणि "दरमहाची फी" असं लिहीन.

राहणाऱ्यांचा सगळ्यात मोठा तोटा तुमच्या मजकुरातल्या तिसऱ्या वाक्याने होतो. "सलग दोन महिन्यांची" फी आणि "दोन महिने भाडं थकल्यास" यांत फरक आहे. जूनची फी राहिली, जुलैची भरली, ऑगस्टची पुन्हा राहिली, तर तुमच्या वाक्याप्रमाणे दोन महिने थकले. मूळ कलमाप्रमाणे ते सलग नाहीत, म्हणून या आधारावर मालकांना नोटीस देता येत नाही. जूनची आणि जुलैची अशी लागोपाठ फी राहिली, तरी पंधरा दिवसांची नोटीस आहेच, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांनी पैसे भरले तर करार चालूच राहतो. "व त्या मुदतीत कसूर दूर न झाल्यास" हे सात शब्द त्या जोडप्याच्या डोक्यावरचं छप्पर आहेत. तुमच्या मजकुरात ते पूर्ण गळले. घर राहण्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरण्याची अटही गळली, आणि ती मालकांच्या बाजूची आहे. म्हणजे एकाच वाक्यात दोन्ही बाजूंचं काही ना काही गेलं.

ही अपवादाची गोष्ट जिथे आहे तिथेच ठेवा. मूळ कलमात ती "परंतु" म्हणून लॉक-इनच्या वाक्याला जोडलेली आहे. ती उचलून शेवटी "इतर अटी" अशा मथळ्याखाली टाकली, तर अकराही महिने लागू असल्यासारखी दिसेल. करारात वाक्याची जागासुद्धा अर्थ सांगते.

आणखी एक गोष्ट गळली आहे, आणि ती लिहायला तुम्हाला कदाचित अवघड वाटेल. "अथवा त्याऐवजी एक महिन्याची लायसन्स फी देऊन." सहा महिन्यांनंतर नोटीस न देता महिन्याचे पैसे देऊन करार संपवण्याची मुभा दोघांनाही आहे. राहणाऱ्यांना हे सोयीचं वाटेल, कारण नोकरीत बदली झाली तर पैसे देऊन लगेच निघता येतं. पण हीच मुभा तुमच्या आईलाही आहे. फी अठरा हजार असेल तर अठरा हजार रुपये देऊन, महिन्याची नोटीस न देता त्याही करार संपवू शकतात. परगावच्या माणसाला हे सोप्या शब्दांत वाचून धक्का बसेल. बसू दे. नोंदणीआधी बसलेला बरा. कलम सोपं करणाऱ्याने एका बाजूला बोचणारी गोष्ट मऊ केली, की त्याने त्या बाजूला न विचारता तिच्या वतीने सौदा केला असं होतं.

इथपर्यंत गळलेल्या गोष्टी झाल्या. पण तुमच्या कलमात दोन जागा अशा आहेत की मूळ मजकूरच दोन अर्थांचा आहे, आणि तिथे कितीही काळजीने लिहिलं तरी सोपं करणारा फसतो.

पहिली जागा "लॉक-इन कालावधीनंतर … नोटीस देऊन … करार संपुष्टात आणता येईल" ही. समजा करार 1 जूनला सुरू झाला. लॉक-इन 30 नोव्हेंबरला संपेल आणि अकरा महिने 30 एप्रिलला. आता या "नंतर"चा संबंध नोटीस देण्याशी आहे की करार संपण्याशी? नोटीसच 1 डिसेंबरला किंवा नंतर द्यायची असेल, तर नोटिशीच्या वाटेने घर सुटायला जानेवारी उजाडेल. करार संपणं तेवढं लॉक-इननंतर हवं असेल, तर 1 नोव्हेंबरला नोटीस देऊन डिसेंबरच्या सुरुवातीला निघता येईल. अठरा हजारांचा फरक आहे. "सहा महिन्यांनंतर महिनाभराची नोटीस देऊन" असं लिहिलंत तर संदिग्धता जशीच्या तशी राहते. "सातव्या महिन्यापासून नोटीस देता येईल" असं लिहिलंत तर तुम्ही एक अर्थ निवडून करारात घातला.

दुसरी जागा डिपॉझिटची आहे आणि ती जास्त धोक्याची. "थकीत लायसन्स फी, वीजबिल व नैसर्गिक झीज वगळता झालेल्या नुकसानीची वाजवी रक्कम वजा जाता." हे मोठ्याने वाचून बघा. "वगळता" हा शब्द फक्त झिजेला लागतो, की फी आणि वीजबिल यांनाही? पहिला अर्थ घेतला तर थकलेली फी आणि वीजबिल डिपॉझिटमधून कापता येतात. दुसरा घेतला तर ती दोन्ही वगळायची, म्हणजे कापायचीच नाहीत. लिहिणाऱ्याच्या मनात पहिलाच अर्थ असणार, पण कागदावर दोन्ही बसतात. आणि "थकीत" हे विशेषण वीजबिलालाही आहे का, तेही स्पष्ट नाही.

या झिजेशी माझा जुना हिशेब आहे. मी बरीच वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात दस्त टाइप करायचे. एका करारातलं "नैसर्गिक झीज वगळता" हे मी ओळखीच्या कुटुंबासाठी सोपं करून "घर होतं तसं परत द्यायचं" असं लिहिलं. मला ते छान, घरगुती वाटलं होतं. दोन वर्षांनी घर सोडताना भिंतींचा रंग फिका पडला म्हणून त्यांच्या डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले गेले, आणि मालकांनी पुढे केला तो माझाच कागद. मूळ करार काय म्हणतो हे त्या कुटुंबाने काढून बघितलंच नव्हतं, कारण मी सोपं करून दिलं होतं. वापराने फिका पडलेला रंग ही झीज आहे, आणि खिळा उपटताना निघालेला गिलाव्याचा पोपडा हे नुकसान. हा फरक माझ्या एका वाक्याने पुसला. त्यानंतर मी "वगळता" हा शब्द सोपा करताना दोनदा थांबते.

तर अशा संदिग्ध जागी काय करायचं? करार आधीच नोंदलेला असता तर मी म्हटलं असतं की मूळ शब्द अवतरणात तसेच ठेवा आणि खाली लिहा, "याचे दोन अर्थ निघतात, वकिलांना विचारा." तुमच्याकडे मात्र अजून आठवडा आहे. तेव्हा दोन्ही बाजूंना बसवून विचारा की तुमच्या मनात कोणता अर्थ आहे, आणि वकिलांकडून तो करारातच दुरुस्त करून घ्या. सोप्या कागदात नव्हे, करारात. नोंदणी झालेल्या कराराची अट नंतर तोंडी बदलली असं कोर्टात मांडता येत नाही, त्यासाठी वेगळा दस्त करावा लागतो. आणि नोंदणी टाळू नका. 1999 च्या कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकांची आहे. नोंदवला नाही तर अटींबद्दल राहणाऱ्यांचं म्हणणंच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

करारात गप्प असलेल्या गोष्टीही गप्पच राहू द्या. डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं हे तुमच्या कलमात नाही. "ताबा दिल्यानंतर" एवढंच आहे. "त्याच दिवशी" किंवा "पंधरा दिवसांत" असं तुम्ही घातलंत तर ते नवं बंधन झालं. "वाजवी" कोणी ठरवायचं तेही नाही, म्हणून "मालक ठरवतील तेवढी रक्कम" असं लिहू नका. लॉक-इन मोडून राहणारे निघून गेले तर काय, हेही नाही. "डिपॉझिट बुडेल" हे लोक सर्रास गृहीत धरतात, पण तुमच्या कलमात तसं एक अक्षर नाही. या तिन्ही गोष्टी ठरवायच्या असतील तर त्या करारातच आल्या पाहिजेत. त्याचप्रमाणे कायद्यात असलेली पण कलमात नसलेली गोष्टही यात मिसळू नका. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई, हे त्याच कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे. हवं तर कागदाच्या तळाशी "कायदा असं सांगतो" म्हणून वेगळं लिहा.

दोन्ही संदिग्ध जागी तुमच्या घरी पहिला-पहिला अर्थ ठरला आणि वकिलांनी करारात तशी दुरुस्ती केली असं धरून, मी हे कलम असं लिहीन:

"या कागदात 'मालक' म्हणजे करारातले लिहून देणार आणि 'राहणारे' म्हणजे लिहून घेणार.

पहिले सहा महिने, 1 जून ते 30 नोव्हेंबर, मालक करार संपवू शकत नाहीत आणि राहणारेही संपवू शकत नाहीत.

या सहा महिन्यांत अपवाद एकच, आणि तो मालकांसाठी आहे. राहणाऱ्यांनी लागोपाठ दोन महिन्यांची फी भरली नाही, किंवा घर राहण्याशिवाय दुसऱ्या कामासाठी वापरलं, तर मालक त्यांना पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊ शकतात. त्या पंधरा दिवसांत राहणाऱ्यांनी चूक सुधारली, तर त्या नोटिशीवरून करार संपवता येणार नाही. सुधारली नाही, तर मालक करार संपवू शकतात.

सहा महिने झाल्यावर मालक किंवा राहणारे, कोणीही करार संपवू शकतं. त्यासाठी संपवणाऱ्याने दुसऱ्याला एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागेल. ही नोटीस 1 डिसेंबरला किंवा त्यानंतरच देता येईल. नोटीस द्यायची नसेल तर संपवणाऱ्याने दुसऱ्याला एका महिन्याची फी द्यावी लागेल.

करार संपल्यावर राहणाऱ्यांनी सामान काढून, घर मोकळं करून, वाद न घालता मालकांच्या ताब्यात द्यावं लागेल. त्यानंतर मालकांना डिपॉझिट परत करावंच लागेल. त्यावर व्याज मिळणार नाही. मालक त्यातून तीनच गोष्टी कापू शकतात: थकलेली फी, थकलेलं वीजबिल आणि घराच्या नुकसानीची वाजवी रक्कम. रोजच्या वापराने होणारी झीज नुकसानीत धरायची नाही."

हे तुमच्या चार वाक्यांपेक्षा बरंच लांब आहे, हे मान्य. मूळ कलमापेक्षाही लांब आहे. सोपं म्हणजे थोडक्यात असं नाही. कलमात गाठी मारून ठेवलेल्या असतात, सोडवल्या की दोरी लांब होतेच.

आकड्यांचं उदाहरण देणार असाल तर ते मजकुराबाहेर, "उदाहरण" असा मथळा देऊन लिहा. डिपॉझिट 60,000 रुपये. एका महिन्याची फी थकली 18,000, वीजबिल राहिलं 1,450, बेसिन फुटलं ते बदलायला 2,200. एकूण 21,650 वजा होऊन मालकांना 38,350 रुपये परत करावे लागतील. हॉलचा रंग फिका झाला, त्याचं काही कापायचं नाही. या चार ओळींनी झीज आणि नुकसान यांतला फरक तुमच्या आईला कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

कागद तयार झाला की करार न वाचलेल्या कोणाला तरी, शेजारच्या काकूंना म्हणा, तेवढाच वाचायला द्या आणि प्रश्न विचारा. चौथ्या महिन्यात राहणाऱ्यांची बदली झाली तर? तिसऱ्या महिन्यात मालकांना घर विकायचं असेल तर? दोन महिने फी थकली आणि नोटिशीनंतर दहाव्या दिवशी भरली तर? नोटीस न देता डिसेंबरात निघायचं असेल तर? काकूंची उत्तरं लिहून घ्या आणि तेच प्रश्न वकिलांना मूळ कलम समोर ठेवून विचारा. जिथे दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तिथे तुमचं वाक्य चुकलंय, काकू नव्हे.

आणि त्या कागदावर कोणाच्याही सह्या घेऊ नका. वर ठळक लिहा: "हा कागद समजण्यासाठी आहे. नोंदलेला करार आणि हा कागद यांत फरक आढळला तर करारच लागू राहील." सह्या झाल्या की तोच कागद उद्या दुसरा करार म्हणून पुढे येतो, आणि मग एकाच घराचे दोन करार होतात.